दोनची हाक

7 नंबरच्या आजी रात्री दोनला पाणी मागायच्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन रात्री झाल्या होत्या आणि तिन्ही रात्री ती हाक चुकली नव्हती. "घोटभर दे गं बाई." वय 76, वजन जेमतेम 42 किलो, आवाज मात्र खणखणीत.

आज सव्वादोन झाले तरी हाक आली नाही.

सुनंदा टेबलावरून उठली. रात्रपाळीत पाय वळतात ते हाका मारणाऱ्या पेशंटकडे. जो शांत पडलाय त्याला बिचाऱ्याला झोपू दे, असंच सगळ्यांना वाटतं. आजींचा मुलगा खाली सतरंजीवर जागाच होता. "आज पहिल्यांदा आईला झोप लागलीय बघा, सिस्टर. घोरतेयसुद्धा."

घोरणं तिलाही ऐकू येत होतं, पण ते सलग नव्हतं. घशात अडकल्यासारखी एक लांब घरघर, आणि मग काहीच नाही. पुढच्या श्वासाची वाट बघताना सुनंदाचा स्वतःचाच श्वास थांबला.

तिनं आजींच्या छातीवर तळहात ठेवला आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर लावली. घाईत पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय असते. आज तिनं पूर्ण मिनिट मोजलं. आठ. रात्री दहाला तिनंच चार्टवर 16 लिहिले होते.

"आजी! ओ आजी, डोळे उघडा!" खांदा हलवला, काही नाही. छातीच्या हाडावर मूठ दाबून रगडली, तेव्हा कुठं कपाळाला आठी पडली. हात जरासा उचलला गेला आणि गळून पडला. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 84 दाखवत होता.

तिनं हनुवटी वर उचलली. मागं पडलेली जीभ सुटली तशी घरघर कमी झाली. "दादा, उठा. इथं हात धरा, अस्साच. मी सांगेपर्यंत सोडू नका." मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला, डोक्याकडची बाजू वर घेतली. मावशींना आरएमओ सरांना उठवायला पिटाळलं. साखर बघितली, 124. बाहुल्या बारीक झालेल्या नव्हत्या.

मग फाइल उघडली. सकाळच्या राउंडला हाडांच्या सरांनी ट्रीटमेंट शीटवर झोपेची गोळी लिहिली होती: अल्प्राझोलाम 0.5. नऊला संध्याकाळच्या सिस्टरनी ती दिली होती, सही होती. दोन पानं मागं फिजिशियन सरांची नोट होती. संध्याकाळी मुलानं त्यांनाही आई झोपत नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांनी झोल्पिडेम 10 लिहिलं होतं. दोन्ही ठिकाणी लिहिलेली होती ती कंपन्यांनी गोळ्यांना दिलेली नावं, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी. दहाला दिलेल्या त्या दुसऱ्या गोळीपुढं सही होती तिची स्वतःची. शिवाय आठला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन होतंच.

आरएमओ डोळे चोळत आले. "झोपेची गोळी दिलीय ना? मग झोपणारच की."

"सर, एक नाही, दोन दिल्यात. दुसरी मीच दिलीय. आणि श्वास आठ आहेत."

ते थांबले. फाइल हातात घेतली, दोन्ही पानं बघितली, आणि मग त्यांची झोप उडाली. भूलतज्ज्ञांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "घरी रोजची झोपेची गोळी आहे का? फिट्स कधी आल्यात?" मुलानं हनुवटी न सोडता मान हलवली, नाही. आयसीयूतून अशा गोळ्यांचा असर उलटवणारं फ्लुमाझेनिल मागवलं, 0.2 मिलिग्रॅम, शिरेतून हळूहळू. मिनिटभरानं आजींच्या पापण्या हलल्या. श्वास बारा, मग चौदा. ऑक्सिजन 96.

"जमलं," आरएमओ म्हणाले.

"सर, याचा असर तासाभरात उतरतो. गोळ्यांचा उतरायचा नाही. मी इथंच बसते."

तिनं स्टूल ओढलं. दर पाच मिनिटांनी मोजणी. साडेतीनला चौदाचे दहा झाले, पावणेचारला नऊ. दुसरा डोस द्यावा लागला. ॲम्बू बॅग उशाशी काढून ठेवलेली होती, तिची गरज मात्र पडली नाही. मधल्या वेळात तिनं दोन्ही गोळ्यांवर सरांकडून रेघ मारून घेतली आणि घटनेची नोंद लिहिली. कोणती गोळी किती वाजता, कुणी लिहिली, कुणी दिली. स्वतःचं नाव लिहिताना हात जरा थबकला. तरी लिहिलं, पूर्ण.

सहाच्या सुमारास आजींनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

"पाणी दिलं नाहीस गं रात्री."

"देते, आजी."

तिनं आधी त्यांना नीट बसतं केलं, नाव विचारलं, गाव विचारलं. मग चमच्यानं पाणी घातलं आणि पहिला घोट खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्यावरची नजर हलवली नाही.