उपासना वर्षाचे रंग : क्रम लावा
इयत्ता नववी · दोघादोघांच्या जोड्या · २५ मिनिटे

चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजा. त्यातल्या पहिल्या रविवारी ते सुरू होतं. २०२६ चं उपासना वर्ष म्हणूनच ३० नोव्हेंबर २०२५ ला सुरू झालं. कॅथलिक चर्चमध्ये कोणता काळ चालू आहे, ते मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी धर्मगुरूंच्या झग्यावरून कळतं.

जांभळा तयारीचा आणि पश्चात्तापाचा रंग, म्हणून तो नाताळआधीच्या आगमनकाळातही आहे आणि ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातही. नाताळ आणि ईस्टर पांढरे. उरलेल्या सामान्यकाळाचा रंग हिरवा.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे रंग भराभर बदलतात. झावळ्यांच्या रविवारी लाल, सोमवारपासून जांभळा, गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ पांढरा, शुक्रवारी पुन्हा लाल आणि शनिवारी रात्री पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या जागरणाला पांढरा. शुक्रवारचा लाल रक्ताचा आहे. पेंटेकॉस्टचा लाल पवित्र आत्म्याच्या अग्नीचा.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. घरचं कॅलेंडर उघडा. २०२६ मध्ये चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला.

कार्डं कापा, मिसळा आणि वर्षाच्या सुरुवातीपासून क्रमाने मांडा.

क. लाल : प्रेषितांवर अग्नीच्या जिभा उतरल्या
ख. हिरवा : थोडेच आठवडे, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी संपतो
ग. जांभळा : हिरव्या चक्रातल्या चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटते
घ. पांढरा : गव्हाणीतलं बाळ
च. लाल : हातात झावळ्या, येशूचा यरुशलेमेत प्रवेश
छ. जांभळा : कपाळावर राख, रविवार वगळून ४० दिवस
ज. पांढरा : रिकामी कबर, ५० दिवसांचा आनंद
झ. लाल : क्रूसाला वंदन, आज मिस्सा होत नाही
ट. हिरवा : जवळजवळ सहा महिने

वहीत लिहा

१. तुमचा क्रम लिहा. जोडीदाराचं मत वेगळं असेल तर दोन्ही क्रम कारणांसह लिहा.

२. ‘ग’ आणि ‘छ’ दोन्ही जांभळी. त्यांची अदलाबदल केली तर कोणती गोष्ट जुळणार नाही?

३. कोणत्या कार्डांच्या तारखा ईस्टरबरोबर सरकतात? ‘घ’ का सरकत नाही?

४. ५ एप्रिल हा पहिला दिवस धरून पन्नासावा दिवस शोधा. कोणतं कार्ड त्या दिवशी येतं?

५. ख्रिस्त राजाच्या सणाला, २२ नोव्हेंबर २०२६ ला, झगा पांढरा असतो. हे दहावं कार्ड कुठे ठेवाल, आणि त्यानंतरच्या रविवारी कोणता रंग येईल?