विषय: शनिवार, १४ मार्चची मुलाखत चुकली, त्याबद्दल क्षमा मागण्यासाठी

आदरणीय देशपांडे मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मराठी शाळेच्या शिक्षिकापदासाठी आज ठेवलेल्या मुलाखतीला मी वेळेवर आले नाही. तुम्ही आणि समितीतले दोघे सुट्टीची सकाळ मोकळी ठेवून माझी वाट पाहत बसलात, याची मला फार खंत वाटते. तुम्हा तिघांचीही मनापासून क्षमा मागते.

तुमचा ईमेल फेब्रुवारीत आला तेव्हा शिकागो आपल्या साडेअकरा तास मागे होतं. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे इथले रात्रीचे नऊ, असा हिशेब करून मी वेळ वहीत लिहून ठेवली. ८ मार्चला तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली आणि मुलाखत इथल्या आठ वाजता आली. मी हे पुन्हा तपासायला हवं होतं. ईमेलमध्ये 'शिकागोची वेळ' असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे चूक सर्वस्वी माझी आहे. पाठाची तयारी करताना फोन सायलेंटवर होता. पावणेनऊला लिंक उघडली तर मीटिंग संपलेली होती. तुमचे मिस्ड कॉल त्यानंतर दिसले.

हे काम मिळालं तर दर शनिवारी मुलं शिकागोत बसतील आणि मी नाशिकहून शिकवेन. त्यात अशी चूक चालणारच नाही, हे मला कळतं. वर्गाची वेळ मी शिकागोच्या घड्याळानेच धरेन. १ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं मागे आली की इथे वर्ग एक तास उशिरा सुरू होईल. ते मी माझ्या बाजूने सांभाळेन, पालकांना वेळ बदलावी लागणार नाही. कॅलेंडरमध्ये शिकागोचा टाइम झोन आजच लावून घेतला आहे.

समितीची हरकत नसेल तर मला पुन्हा वेळ द्याल का? शनिवार, २१ मार्च, शिकागोचे सकाळचे साडेनऊ, म्हणजे इथले रात्रीचे आठ, मला जमेल. आठवड्यात संध्याकाळ सोयीची असेल तर तिथले साडेआठ, म्हणजे इथले दुसऱ्या दिवशी सकाळचे सात, हेही चालेल.

आज घेणार होते तो पाठ सोबत जोडला आहे. तिथल्या बऱ्याच मुलांना मराठी समजतं, पण बोलताना 'माझा खुर्ची' होतं. म्हणून घरातल्याच वस्तूंना हात लावत 'तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल' म्हणायचं, आणि मग 'माझा, माझी, माझं' वर यायचं, अशी मांडणी केली आहे. सवड झाली की जरूर पाहा.

समितीने दुसऱ्या उमेदवाराची निवड केली असेल तर तो निर्णय मला मान्य आहे. त्या दोघांपर्यंत माझी दिलगिरी कृपया पोहोचवा.

आपली नम्र,
स्नेहल कुलकर्णी
नाशिक