श्रमपरिहाराच्या पंगतीआधी

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!

माय-माउल्यांनो, वडीलधाऱ्या मंडळींनो आणि गावच्या पोरापोरींनो,

बसा, कुणी उठू नका. पाण्याचे तांबे भरायला आज आमची माणसं आहेत. यात्रेचे सात दिवस तुम्ही वाढलंत, आज यात्रा समिती वाढणार आणि तुम्ही पानावर बसायचं. पंगत सुरू होण्याआधी समितीच्या वतीनं थोडं बोलतो.

यात्रेत या माइकवरून दिवसभर देणगीदारांची नावं पुकारली जातात. कुणी एका दिवसाची पंगत घेतो, कुणी तेलाचे डबे देतो, कुणी गुळाच्या ढेपी. केरळात, तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात असलेली आपली माणसं तिकडून पैसे पाठवतात. त्यांचं देणं मोठंच आहे, गाव ते विसरणार नाही. पण पोत्यातल्या तांदळाचा भात आपोआप होत नाही. ज्यांच्या हातून तो झाला, त्यांची नावं या माइकवरून आजवर कधी आली नव्हती. म्हणून मघाशी सगळ्यात आधी तुमची नावं वाडी-वस्तीसकट वाचली. तीच यादी उद्या देवळाच्या सभामंडपात, देणगीदारांच्या फलकाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लागेल. समितीनं हे एकमतानं ठरवलंय आणि दरसाल हीच पद्धत राहील.

आता चुलवणावरच्या मंडळींबद्दल बोलतो. चैत्रातलं ऊन आपल्याकडं कसं असतं ते कुणाला सांगायला नको. त्या उन्हात बाभळीच्या लाकडांचा जाळ, त्यावर काहिली आणि काहिलीशेजारी झारा धरून तुम्ही. रोज दोन वेळा दीड-दोन हजार माणसांचा भात आणि आमटी, शेवटच्या दिवशी दहा हजारांच्या आसपास. गव्हाची खीर तर रात्रभर हलवावी लागते. हात थांबला की बुडाला लागते आणि एकदा लागली की वास सगळ्या काहिलीला. काल्याच्या आदल्या रात्री मी देवळाकडून येत होतो तेव्हा दोघं जण घामानं निथळत समोरासमोर उभं राहून उलथणं ओढत होते आणि तिसरा शेजारच्या पोत्यावर डोळा लागून आडवा झाला होता. पाळी आली तसा न हाकारता उठला, उलथणं हातात घेतलं आणि आधीचा त्याच पोत्यावर टेकला. सकाळी त्या खिरीत कुणाला करपल्याचा वास आला नाही. हे कौतुक त्या तिघांचं आहे.

भाकरीचं कामही तेवढंच दमवणारं. घरटी पंचवीस भाकरी ही आपली जुनी रीत. पण यंदा किती घरांतून चाळीस-पन्नास आल्या ते टोपल्या मोजणाऱ्यांना विचारा. पहाटे चारला घरोघर तवे तापले होते. ज्या माउलीचा हात मागच्या महिन्यात मोडला होता, तिनं बसून पिठाचे उंडे करून दिले आणि सुनेनं थापल्या. मळ्यातल्या वस्तीवरच्या बायका दोन कोस डोक्यावर टोपली घेऊन आल्या. भाकरी गार होऊ नये म्हणून वर ओलं फडकं, त्यावर गोधडी. एवढं जपून आणलेली भाकरी यात्रेकरूच्या पानात मऊच पडली. या माउल्यांपैकी कित्येक जणींना पालखी दिसलीच नाही, कारण पालखी निघाली तेव्हा त्या तव्यापुढं होत्या. नाथानं त्यांचं दर्शन तिथंच मानून घेतलं असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

चौथ्या दिवशीचं वळीव आठवतंय ना? संध्याकाळची पंगत नुकतीच बसली होती, पानात भात पडला होता, आणि माळावरून धुळीचा लोट उठला. पाठोपाठ पाऊस. मंडपाची एक बाजू उचलली गेली. तेव्हा कॉलेजातली पोरं धावली आणि ताडपत्रीची चार टोकं धरून आमटीच्या काहिलीवर उभी राहिली. पोरं चिंब भिजली, आमटीत एक थेंब पडला नाही. त्याच वेळी मुलाणी आळीतल्या तरुणांनी शाळेचं दार उघडून घेतलं, वऱ्हांडा झाडला, आणि अर्ध्या तासात पंगत तिथं बसली. लोकांनी आपापली पत्रावळ हातात धरून चिखलातनं जावं असं कुणी म्हणालं असतं तरी चाललं असतं. पण वाढप्यांनी ते ऐकलं नसतं. म्हाताऱ्या माणसांना हात धरून नेलं आणि प्रत्येकाला नव्या पानावर पुन्हा गरम वाढलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाढणाऱ्या पोरापोरींना तर जेवढं शाबास म्हणावं तेवढं थोडं. बादली जड असते, वाकून कंबर धरते, आणि तरी तुमच्या तोंडी शेवटच्या पानापर्यंत ‘भात घ्या’, ‘आमटी घ्या’, ‘सावकाश होऊ द्या’. सासनकाठ्यांबरोबर चालत आलेली माणसं, गजी खेळून दमलेले धनगर बांधव, खेळणी विकणारे, पाळणेवाले, आंधळे-पांगळे, सगळे एका पंगतीला बसले. कुणाला कुठला, कोण, असं विचारलं नाही. आपल्या गावात ही रीत का आहे ते वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर सुकडीसाठी वाडगं घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं आजही या मंडपात बसली आहेत. भूक काय असते ते त्यांनी बघितलंय. आणि २०१२-१३ला चारा छावणीवर रात्री-अपरात्री गुरांना पाणी पाजणारे तरुण आज कोठीघर सांभाळतात. किती माणसांना किती शिधा काढायचा, उरलेलं कसं झाकायचं, हा हिशेब ते तिथंच शिकले.

पाणी भरणाऱ्यांना आणि भांडी घासणाऱ्यांना मी मुद्दाम शेवटी घेतोय. सगळे कीर्तनाला गेले, तमाशाच्या फडाला गेले, कुस्त्यांच्या आखाड्याला गेले, तेव्हा तुम्ही विहिरीजवळच्या दगडावर राख आणि काथ्या घेऊन बसला होतात. मध्यरात्री काहिली पालथी पडल्याशिवाय पहाटे चूल पेटत नाही. तुमचं काम पुढं आलं नाही, पण ते चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी पहिलं पान उशिरा पडलं असतं. सात दिवसांत एकदाही पडलं नाही. उष्टी पानं उचलून खड्ड्यात नेणाऱ्या, आवार झाडणाऱ्या सगळ्यांना समिती हात जोडते.

ज्या घरांनी आपली माणसं आठवडाभर आम्हाला दिली, त्या घरांचेही आभार. कुणाचा कांदा काढायचा राहिला, कुणी मुंबईहून यात्रेला यायला म्हणून काढलेली रजा चुलीपुढं घालवली. ज्यांची शेतातली कामं मागं पडलीत त्यांनी संकोच न करता सांगावं. येत्या आठवड्यात समितीतले आणि तालमीतले गडी तुमच्या रानात येतील. हे बोलायचं म्हणून बोलत नाही, नावं लिहून घ्यायला वही इथंच ठेवली आहे.

उरलेला तांदूळ आणि डाळ ठरल्याप्रमाणं मुलींच्या वसतिगृहाला पोचली. शेजारच्या गावांतून आणलेली भांडी मोजून परत गेली, एकही पातेलं कमी भरलं नाही.

आता मी थांबतो. आज पुरणपोळी आहे, कटाची आमटी आहे, आणि वाढायला सरपंचांपासून सगळे उभे आहेत. कुणी ‘पुरे’ म्हणायची घाई करू नका. जेवण झालं की पान तिथंच ठेवा, आज ते आम्ही उचलणार. भांड्यांना हात लावायचा नाही.

बोला, सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!