एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून १०,००० रुपये वजा झाल्याबाबत शाखेला पत्र

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
चोपडा शाखा,
ता. चोपडा, जि. जळगाव

अर्जदार : मंगला रवींद्र पाटील, रा. लासूर, ता. चोपडा, जि. जळगाव
बचत खाते : शेवटचे चार अंक ४४१७ (संपूर्ण क्रमांक सोबतच्या पासबुकाच्या झेरॉक्सवर आहे)

विषय : दि. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून वजा झालेले १०,००० रुपये दि. १३ नोव्हेंबरपर्यंत परत जमा करण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाखेची जुनी खातेदार आहे. पीककर्ज, कापसाचे पेमेंट, ठिबकचे अनुदान, सगळा व्यवहार याच खात्यातून चालतो. शनिवारी जे घडले ते लेखी कळवत आहे. पैसे परत करण्याची रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत अजून संपलेली नाही, आणि ती संपायच्या आत काम व्हावे म्हणूनच आज पहिल्या कामाच्या दिवशी हा अर्ज घेऊन आले आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर. महिन्यातला दुसरा शनिवार असल्याने शाखा बंद होती आणि आपल्या शाखेच्या एटीएममध्ये रोकड नव्हती. म्हणून बसस्थानकाच्या रस्त्यावरील दुसऱ्या एका बँकेच्या एटीएमवर गेले. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी कार्ड घालून १०,००० रुपयांची मागणी केली. पिन स्वीकारला गेला. आत नोटा मोजल्यासारखा आवाज आला, मग तो मध्येच थांबला. नोटा बाहेर येतात ती झडप उघडलीच नाही. पडद्यावर व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही असा संदेश आला, कार्ड बाहेर आले, पावती आली नाही. मी यंत्रासमोरून हलले नव्हते तोच मोबाइलवर १०,००० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला.

मी लगेच बाहेर पडले नाही. झडपेच्या तोंडाशी पट्टी किंवा चिकट काही लावलेले आहे का ते मोबाइलच्या उजेडात पाहिले. तसे काही दिसले नाही. माझ्यानंतर नोटा बाहेर येऊन दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून बराच वेळ तिथेच उभी राहिले. माझ्या पाठोपाठ आलेल्या एका तरुणानेही पैसे काढायचा प्रयत्न केला, त्यालाही रोकड मिळाली नाही. शेजारी उसाच्या रसाची गाडी लावणारे गृहस्थ म्हणाले, "ताई, सकायपाईन हाई मशीन असंच करी राह्यनं." म्हणजे बिघाड माझ्या कार्डात नव्हता, यंत्रातच होता, आणि त्या दिवशी तो माझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही. त्या यंत्राची दिवसभराची नोंद तपासली तर हे उघड होईल. यंत्रावर चिकटवलेल्या यंत्र क्रमांकाच्या पट्टीचा फोटो मी काढून ठेवला आहे, तो सोबत जोडला आहे.

आज सकाळी आपल्या शाखेत पासबुकात एन्ट्री मारून घेतली. त्यात ८ तारखेलाच १०,००० रुपये वजा दिसतात आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ५३१२१८००४७२६ असा छापून आला आहे. हे पत्र लिहीपर्यंत रक्कम परत जमा झालेली नाही.

कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर मी शनिवारी रात्रीच फोन करून तक्रार नोंदवली. तक्रारीच्या नोंदीचा मेसेज आला आहे, त्याची प्रत सोबत आहे. पण फोनवरील प्रतिनिधींनी मला "बारा ते पंधरा कामकाजाचे दिवस लागतील" असे सांगितले. या अर्जातला माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. ही मुदत नियमात बसत नाही.

रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. एटीएमने रोकड दिली नाही आणि खाते वजा झाले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत ती रक्कम स्वतःहून परत जमा करायची, असे त्यात स्पष्ट आहे. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नाहीत. दुसरा शनिवार आणि रविवार त्यातून वगळता येत नाहीत. व्यवहार ८ तारखेचा, त्यामुळे शेवटचा दिवस गुरुवार, १३ नोव्हेंबर. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करायची असते, आणि तीही खातेदाराच्या अर्जाची वाट न पाहता. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी माझे खाते आणि कार्ड आपल्याकडचे आहे, म्हणून माझी दाद आपल्याकडेच. त्या बँकेत जाऊन विचारा, असे कृपया मला सांगितले जाऊ नये.

आज मी भरपाई मागत नाही. मुदत आहे तोवर ती मागण्याचा मला हक्क नाही आणि तशी इच्छाही नाही. मला माझे पैसे वेळेत हवे आहेत. कारणही सांगते. ही रक्कम कापूस वेचणीच्या मजुरीची होती. आमच्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवरून पावरा मजूर वेचणीला येतात, आठवड्याचा हिशेब करून घरी जातात. रविवारी सकाळी त्यांची मजुरी चुकती करायची होती. यंत्रात पैसे अडकले ही माझी अडचण होती, त्यांची नाही. त्यांनी तूर्त उधारीवर का राहावे? शेजाऱ्यांकडून हातउसने घेऊन मी सगळ्यांचे पैसे दिले. ते आता परत करायचे आहेत. शिवाय कृषी केंद्राला खतांच्या बाकीपोटी १९,४०० रुपयांचा चेक मी दिलेला आहे, त्यावर १४ नोव्हेंबरची तारीख आहे. खात्यात आज ११,८६२ रुपये शिल्लक दिसतात. ही रक्कम परत जमा झाली तर शिल्लक २१,८६२ होते आणि चेक वटतो. १३ तारीख चुकली तर तो परत जाईल. एटीएमच्या बिघाडापायी माझा चेक परत गेला, त्याचा दंड माझ्याच खात्यातून कापला गेला आणि ज्या दुकानात आम्हाला वर्षानुवर्षे उधारीवर माल मिळतो तिथे माझी पत गेली, असे होऊ नये. आजच हे आपल्या कानावर घालते आहे, म्हणजे त्या दिवशी चेक परत करण्यापूर्वी ही तक्रार आपल्यासमोर असेल.

तरी आपणास विनंती की, हा अर्ज आजच्या तारखेने नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच द्यावी. ज्या बँकेचे यंत्र आहे तिच्याकडे हा दावा आजच पाठवावा. त्या यंत्राची इलेक्ट्रॉनिक जर्नल नोंद आणि ८ तारखेनंतर रोकड मोजल्यावर आलेला ताळा, दोन्ही मागवावेत. माझ्या १०,००० रुपयांइतकी रोकड तिथे जास्तीची निघायला हवी. यंत्रावरच्या कॅमेऱ्याचे ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४० ते ७:१५ या वेळेचे चित्रीकरण जपून ठेवायला त्यांना लेखी कळवावे. जुने चित्रीकरण पुसले जाते, म्हणून हे आजच व्हायला हवे. चार आठवड्यांनी मागून उपयोग नाही.

एक भीती मनात आहे, ती मोकळेपणाने मांडते. अशा तक्रारी कधी कधी "व्यवहार यशस्वी" एवढा एक शेरा मारून बंद केल्या जातात. माझ्या बाबतीत तसे उत्तर समोरच्या बँकेकडून आले, तर केवळ त्या शेऱ्यावर तक्रार बंद करू नये. जर्नल नोंदीची प्रत आणि चित्रीकरण मला दाखवावे. माझ्या हातात नोटा आलेल्या नाहीत आणि त्या आलेल्या कुठल्याही कॅमेऱ्यात दिसणार नाहीत.

तसेच हा व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरू नये व त्यावर शुल्क लावू नये. तांत्रिक कारणाने फसलेले व्यवहार मोफत व्यवहारांच्या मोजणीत धरायचे नाहीत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्येच बँकांना कळवलेले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर असावी. रविवारी माझ्या पुतण्याने मदत म्हणून इंटरनेटवर बँकेचा तक्रार क्रमांक शोधला. तिथे मिळालेल्या क्रमांकावर फोन केल्यावर समोरच्या माणसाने "पैसे लगेच परत करतो" म्हणत कार्डाचा पूर्ण क्रमांक मागितला आणि मोबाइलची स्क्रीन दिसेल असे एक अॅप टाकायला सांगितले. आम्ही फोन ठेवला, काहीही दिले नाही. तो क्रमांक सोबत लिहून देत आहे. पैसे अडकलेला माणूस घाबरलेला असतो आणि हे लोक नेमके तिथेच टपून बसतात. शाखेच्या आणि एटीएमच्या दारावर खरा तक्रार क्रमांक ठळक मराठीत लावला तर आमच्या भागातल्या कितीतरी जणांचे भले होईल. माझ्या तक्रारीबाबत जे कळवायचे ते शाखेतूनच किंवा लेखी कळवावे. फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक मी कोणालाही सांगणार नाही.

१३ तारखेच्या रात्रीपर्यंत १०,००० रुपये जमा झाले तर माझ्याकडून ही तक्रार मिटली असे समजावे. न झाल्यास १४ नोव्हेंबरपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज १०० रुपयांप्रमाणे भरपाई मुद्दलासोबत जमा करावी. आजपासून ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावरून तक्रार करीन. पण ती वेळ येणार नाही, असा मला विश्वास आहे. या शाखेने आजवर मला चांगलीच वागणूक दिली आहे.

आपली विश्वासू,

(सही)
मंगला रवींद्र पाटील
लासूर, ता. चोपडा

सोबत :
१. पासबुकाच्या पहिल्या पानाची व ८ नोव्हेंबरच्या नोंदीची झेरॉक्स
२. रक्कम वजा झाल्याच्या मेसेजची छापील प्रत
३. फोनवर नोंदवलेल्या तक्रारीच्या मेसेजची छापील प्रत
४. एटीएमवरील यंत्र क्रमांकाच्या पट्टीचा फोटो
५. कृषी केंद्राला दिलेल्या चेकचा क्रमांक, तारीख व रक्कम
६. संशयित फोन क्रमांकाची चिठ्ठी