अकाउंटच्या जागेसाठी बुधवारी झालेल्या भेटीबद्दल

मोशी, पुणे
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

आदरणीय देसाई साहेब,
सप्रेम नमस्कार.

बुधवारी, ९ तारखेला दुपारी मी आपल्या वर्कशॉपमध्ये येऊन गेले. क्वालिटी सर्कलकडून चालत येताना गेटवर 'अकाउंटंट पाहिजे' असा बोर्ड दिसला, म्हणून ओळखपाळख नसताना आत आले. तरीही आपण मला तासभर वेळ दिलात, मॅडमनी चहा दिला, त्याबद्दल मनापासून आभार. निघताना आपण म्हणालात, "शुक्रवार-शनिवारपर्यंत सांगतो." मार्चएंडची गडबड अजून संपलेली नसणार आणि मध्ये जोडून सुट्ट्याही आल्या, म्हणून फोन करून त्रास दिला नाही. व्हॉट्सॲपवर काल एक ओळ टाकली आहे. पण मला जे सांगायचंय ते फोनवर दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून कागदावर लिहून पाटील काकांकडे देत आहे.

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. आपण विचारलंत, "आयटीसी-०४ कधी भरायचा?" मी म्हणाले, दर तिमाहीला. ते चुकलं. ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलला आहे. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी आणि पाच कोटींपर्यंत असेल तर वर्षातून एकदा भरायचा असतो. आपली उलाढाल चारच्या आसपास आहे असं आपण सांगितलंत, म्हणजे आपल्याला वर्षातून एकदाच. २०२४-२५ चा फॉर्म २५ एप्रिलपर्यंत जायला हवा. मी आधी जिथे होते ते ट्रेडिंगचं दुकान होतं. तिथे माल बाहेर प्रोसेसला जातच नव्हता, त्यामुळे हा फॉर्म मी स्वतः कधी भरलेला नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी आल्यावर जीएसटी पोर्टलवरून त्याची ऑफलाइन शीट उतरवून घेतली आणि कॉलम न् कॉलम बघितला.

आता त्या फाईलबद्दल. आपण मला जॉबवर्कची निळी फाईल दिलीत आणि म्हणालात, "अर्धा तास बसा, काय दिसतंय ते सांगा." मी १४ आउटवर्ड चलनं तपासली आणि तीन उघडी आहेत म्हणाले: ११८, १२६ आणि १३१. त्यातलं १२६ उघडं नाही. प्लेटिंगवाल्यांच्या एका परतीच्या चलनावर कोपऱ्यात पेनानं '१२४/१२६' लिहिलेलं होतं आणि त्यावर ॲसिडचा डाग पडल्यामुळे मी ते फक्त १२४ समजले. मी डायरीत नुसते चलन नंबर आणि आकडे टिपून घेतले होते. रात्री बेरीज घातली तेव्हा दोन्ही मिळूनच नग बरोबर जुळत होते. मॅडमनी ते बरोबरच लावलं होतं.

१३१ ची गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. १२ जुलैला बुश प्लेटिंगला गेले, चलनावर लिहिलंय ६३ किलो. परत आले ते १,४२० नग. जाताना किलो, येताना नग, म्हणून ते जुळत नाही. पाटील काकांनी माझ्यासमोर एक बुश काट्यावर ठेवला होता, ४२ ग्रॅम भरला. ६३ किलोचे होतात १,५०० नग. म्हणजे ८० नग कमी, साधारण ३ किलो ३६० ग्रॅम. आपण म्हणालात, प्लेटिंगवाल्यांनी गाळले असतील, डेबिट नोट टाकायची. साहेब, त्याआधी एकदा क्रेटचं वजन बघावं असं मला वाटतं. त्याच चलनावर 'क्रेट २' असं लिहिलंय आणि दाराशी ठेवलेला रिकामा निळा क्रेट मी जाताना सहज उचलून बघितला, तो पावणेदोन किलोच्या आसपासचा असावा. दोन क्रेटचे साडेतीन किलोला थोडे कमी. म्हणजे माल क्रेटसकटच तोलला गेला असेल, तर ते ८० नग मुळात गेलेच नव्हते. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण एक रिकामा क्रेट काट्यावर ठेवला की लगेच कळेल. इतक्या वर्षांच्या प्लेटिंगवाल्यांना डेबिट नोट पाठवण्याआधी हे बघितलेलं बरं.

आणि ११८. त्याची मला खरी काळजी वाटली. ३ जून २०२४ ला पिना हीट ट्रीटमेंटला गेल्या, परतीचं चलनच फाईलमध्ये नाही. माल आलाही असेल आणि चलन ड्रायव्हरच्या खिशातच राहिलं असेल. पण जॉबवर्कला गेलेला आपला माल वर्षाच्या आत परत आल्याचं कागदावर दिसलं नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. येत्या ३ जूनला वर्ष होतंय. मला घ्या किंवा नका घेऊ, पण हीट ट्रीटमेंटवाल्यांना कोणाला तरी एक फोन करायला सांगा आणि त्यांच्याकडून त्या चलनाची झेरॉक्स मागवून घ्या.

मी आले तर पहिल्या दिवसापासून एक गोष्ट करीन. माल गेटबाहेर जाताना चलनावर किलो आणि नग दोन्ही लिहायचे आणि क्रेटचं वजन वेगळं. पाटील काका म्हणाले, "मोजत कोण बसणार?" मोजायचं नाही. दहा नग तोलायचे, एका नगाचं वजन काढायचं, त्यानं भागायचं. पार्ट नंबरप्रमाणे एका नगाच्या वजनाचा तक्ता मी काट्याशेजारी लावीन, म्हणजे काकांना भागाकारही करावा लागणार नाही. टॅलीत मटेरियल आउट आणि मटेरियल इनची नोंद रोजच्या रोज झाली, की कोणाकडे किती माल पडलाय हे आपल्याला फोन न करता दिसेल. मॅडमनी आजवर हे सगळं घर सांभाळून, आठवड्यातून तीन दिवस येऊन केलंय. फाईल इतकी नीट लावलेली होती म्हणूनच अर्ध्या तासात मला काही सांगता आलं. त्यांनी लावलेली पद्धत मोडायची नाही, सुरुवातीचे पंधरा दिवस त्यांच्या शेजारी बसून शिकायचं आहे.

वसुलीचा विषय आपण निघताना काढलात, मोठे कस्टमर नव्वद दिवस लावतात म्हणून. आपलं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, पण बिलावर नंबर दिसला नाही. तो छापून घ्यावा. उत्पादन करणाऱ्या लघुउद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर त्या कस्टमरला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. त्यांच्या अकाउंट खात्याला हे चांगलं माहीत असतं. नंबर समोर दिसला की बिल बाजूला ठेवताना ते विचार करतात. लगेच सगळे पैसे येतील असं मी म्हणत नाही, पण फोन करताना आपल्या हातात काहीतरी असेल.

आता पगाराचं. आपण म्हणालात, "पंधरा देऊ, मग काम बघून वाढवू." तेव्हा मी गप्प बसले, कारण लगेच काय बोलावं सुचलं नाही. आधीच्या ठिकाणी मला १७,५०० मिळत होते. माझी अपेक्षा १८,००० आहे. आपल्याला सुरुवातीलाच ते जड वाटत असेल तर पहिले तीन महिने १६,५०० आणि चौथ्या महिन्यापासून १८,००० असं मला चालेल, फक्त ते आधी ठरलेलं असावं. आपल्याकडे बारा जण आहेत, त्यामुळे पीएफचा माझा आग्रह नाही. ईएसआय मात्र आपण बाकीच्यांचं भरता, त्यात माझंही नाव घालावं. माझ्याकडून १८,००० वर १३५ रुपये कापले जातील. घरात आजारपण काढलेलं आहे, त्यामुळे त्या कार्डाची किंमत मला माहीत आहे. आणि लेटरहेडवर पगार, वेळ, सुट्टी आणि रुजू होण्याची तारीख अशा चार ओळी लिहून सही करून दिलीत तर बरं होईल. आपल्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण पुढे काही विसरलं गेलं, तर आपल्या दोघांनाही तोच कागद बघता येईल.

आपण विचारलंत, "चौदा महिने घरी होतात, आता घरचं सांभाळून जमेल का?" सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांचं सगळं करायला माणूस हवं होतं, म्हणून मी नोकरी सोडली. आता त्या काठी घेऊन घरात फिरतात आणि दुपारी नणंद येऊन बसते. मुलगी सातवीत आहे, शाळेतून स्वतः येते. मोशीहून मला भोसरीची बस सरळ मिळते. साडेनऊ ते सहा मला जमेल. रिटर्नच्या तारखांना सात-साडेसात झाले तरी चालेल, फक्त आदल्या दिवशी कळलं तर घरी सांगून ठेवता येतं. गुरुवारची सुट्टी मला सोयीचीच आहे, सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं असतं.

एक गोष्ट लपवत नाही. चिंचवडला एका ठिकाणी मला १९,००० ला बोलावलं आहे आणि शनिवारी, १९ तारखेला त्यांना उत्तर द्यायचं आहे. तिथे दिवसभर फक्त बिलं फीड करायची आहेत. मला आपल्याकडे यायचं आहे, कारण इथे माल आत येतो तिथपासून पैसे येईपर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं आणि त्यातून मला शिकता येईल. म्हणून विनंती एवढीच, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवावं. नाही असेल तरी कळवावं, मला वाईट वाटणार नाही.

हो असेल तर मी सोमवारी, २१ तारखेला रुजू होऊ शकते. २५ ला आयटीसी-०४ आहे, हातात चार दिवस मिळतील. आधी काम बघायचं असेल तर त्या आठवड्यापुरती ट्रायलवर ठेवा, तेवढ्या दिवसांचा पगार द्या आणि मग ठरवा. आपल्या टॅक्स कन्सल्टंटशी एकदा बोलणं करून दिलंत तर त्यांना काय कोणत्या स्वरूपात लागतं ते मी आधीच विचारून घेईन.

सोबत बी.कॉम.ची मार्कशीट, टॅलीचं सर्टिफिकेट आणि आधीच्या दुकानाच्या मालकांनी दिलेलं पत्र, यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मूळ कागद मागाल तेव्हा घेऊन येईन. माझा नंबर बुधवारी दिलेल्या बायोडाटावर आहे. दुपारी दोन ते चार सासूबाईंची झोपेची वेळ असते, तेवढा वेळ फोन सायलेंटवर असतो. मिस कॉल दिसला की मी लगेच उलट फोन करीन.

मॅडमना माझा नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
वैशाली