ज्युनिअर ॲनालॉग डिझाइन इंजिनिअर पदासाठी अर्ज

नमस्कार सर / मॅडम,

तुमची ज्युनिअर ॲनालॉग डिझाइन इंजिनिअरची जाहिरात वाचली आणि त्यातल्या एका ओळीवर थांबले, "लॅबमध्ये स्वतः हाताने मोजमाप करायची तयारी हवी". बाकीच्या जाहिरातींमध्ये नुसती टूल्सची यादी असते, म्हणून ही ओळ लक्षात राहिली आणि अर्ज करायचं ठरवलं. मी यंदा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमधून बी.ई. झाले, शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागलाय. नोकरीचा अनुभव शून्य. जे काही आहे ते दोन बोर्ड, एक सिम्युलेशनमधला ऑप-ॲम्प आणि चुकांनी भरलेल्या दोन वह्या, तर त्याबद्दलच लिहिते.

आधी फिल्टरचं सांगते, कारण मी सगळ्यात जास्त तिथे शिकले. सेन्सरचा सिग्नल १२ बिटच्या एडीसीला द्यायचा होता आणि त्याआधी अँटी-एलियासिंग फिल्टर हवा होता. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ, कटऑफ १ किलोहर्ट्झ, दोन सॅलन-की स्टेज, एकीचा क्यू ०.५४ आणि दुसरीचा १.३१. हे सगळं पुस्तकातलंच आहे. सिम्युलेशनमध्ये मी आयडियल ऑप-ॲम्प टाकला होता, ग्राफ छान ८० डीबी पर डिकेडने खाली जात राहिला आणि मी खूश होऊन बोर्ड बनवला. १ किलोहर्ट्झला बरोबर ३ डीबी खाली, ५ किलोहर्ट्झलाही हिशोबाप्रमाणे. मग सहज म्हणून जनरेटरची फ्रिक्वेन्सी वाढवत नेली आणि आउटपुट आधी कमी कमी होत गेलं आणि एका ठिकाणाहून परत वर यायला लागलं! इनपुटला २० व्होल्ट पीक-टू-पीक दिले होते आणि १ मेगाहर्ट्झला आउटपुटवर चक्क २०० मिलिव्होल्ट, म्हणजे जेमतेम ४० डीबी. लो-पास फिल्टरमधून मेगाहर्ट्झ कसा काय येतो?

पहिले दोन दिवस मी प्रोबच्या ग्राउंडला दोष दिला. लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावली, आकडा तोच. मग सोल्डरिंगवर शंका, मग ब्रेडबोर्डवर दुसरी कॉपी, तरी तेच. शेवटी कागदावर सर्किट परत काढलं आणि स्वतःलाच विचारलं की ऑप-ॲम्पची ताकद संपली, त्याचा लूप गेनच उरला नाही, तर तिथे काय शिल्लक राहतं? शिल्लक राहतो त्याचा शंभर-दोनशे ओहमचा आउटपुट इम्पेडन्स, आणि फीडबॅकचा कपॅसिटर इनपुटचा सिग्नल थेट त्या आउटपुटवर आणून सोडतो. म्हणजे फिल्टर उरतच नाही, उरतो तो साधा रेझिस्टर डिव्हायडर. माझे रेझिस्टर १.६ किलोओहमच्या आसपास होते, त्यामुळे एका स्टेजला साधारण २० डीबी आणि दोन स्टेजना ४०. मोजलेला आकडाही तोच होता. हिशोब जुळला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

आता रेझिस्टर इतके लहान का घेतले होते, तर नॉइज कमी व्हावा म्हणून. इथे माझा खरा मूर्खपणा झाला. मी टीएल०७२ वापरला होता, त्याचा स्वतःचाच नॉइज १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, १.६ किलोओहमचा थर्मल नॉइज फक्त ५. जिथे ऑप-ॲम्पच इतका बोलतोय तिथे रेझिस्टरला गप्प करून काय मिळवलं? आणि एडीसीचा एक एलएसबी ३.३ व्होल्टला ०.८ मिलिव्होल्टचा, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये येणारे हे मायक्रोव्होल्ट त्याला दिसणारसुद्धा नव्हते. मग रेझिस्टर दहापट मोठे केले, कपॅसिटर दहापट लहान, आणि शेवटी एक साधा आरसी जोडला. १ मेगाहर्ट्झचं आउटपुट इतकं खाली गेलं की स्कोपवर नुसता नॉइजच दिसायला लागला. कपॅसिटर लहान झाल्यामुळे सी-झिरो-जी प्रकारचे सहज मिळाले हा अजून एक फायदा, कारण आधीचे एक्स-सेव्हन-आर व्होल्टेजप्रमाणे व्हॅल्यू बदलत होते आणि मोठ्या साइन वेव्हला डिस्टॉर्शन आणत होते. आता पुन्हा असा फिल्टर करायचा झाला तर मल्टिपल फीडबॅक टोपोलॉजीचा आधी विचार करीन, त्यात ही गळती अशी होत नाही कारण इनपुटनंतरचा कपॅसिटर थेट ग्राउंडला असतो.

दुसरा बोर्ड ईसीजी ॲम्प्लिफायरचा, हा फायनल इयर प्रोजेक्ट. रेडीमेड इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरची आयसी न घेता तीन ऑप-ॲम्पचा बनवायचा हट्ट माझाच होता, ग्रुपमधले बाकीचे दोघे वैतागले होते. पहिल्या स्टेजचा गेन G = 1 + 2R1/Rg, मी उत्साहात १०० ठेवला. टेबलावर जनरेटरने तपासला तेव्हा एकदम मस्त. अंगाला इलेक्ट्रोड लावले आणि आउटपुट सरळ सप्लायला जाऊन चिकटलं. कारण ईसीजी १ मिलिव्होल्टचा असला तरी दोन इलेक्ट्रोडमधला डीसी ऑफसेट ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याला १०० ने गुणलं तर ९ व्होल्टची बॅटरी कुठे पुरणार. मग R1 १० किलोओहम आणि Rg २.२ किलोओहम करून गेन १० वर आणला, त्यानंतर ०.५ हर्ट्झचा हाय-पास टाकून ऑफसेट अडवला आणि उरलेला ५० चा गेन त्याच्या पुढे घेतला. गेन किती यापेक्षा तो कुठे घ्यायचा हे जास्त महत्त्वाचं असतं, हे तेव्हा डोक्यात बसलं.

तरी ५० हर्ट्झची गुणगुण होतीच. सगळ्यांनी सांगितलं नॉच फिल्टर टाक, पण मला तो शेवटचा उपाय वाटतो, कारण ईसीजीच्या टोकदार भागात ५० हर्ट्झच्या आसपास सिग्नलही असतो, तोही कापला जातो. म्हणून आधी सीएमआरआर मोजला, ५७ डीबी आला. डिफरन्स स्टेजला १ टक्क्याचे रेझिस्टर होते, त्या स्टेजचा वर्स्ट केस ३४ आणि आधीच्या १० गेनच्या स्टेजमुळे २० मिळून ५४, म्हणजे माझं नशीब जरा बरंच होतं म्हणायचं. मग पन्नास रेझिस्टरची पट्टी घेऊन एकेक मल्टिमीटरने मोजला, बोटाच्या उबेने रीडिंग हलतं म्हणून क्लिप लावून थोडं थांबायचं, मग लिहायचं. त्यातून एकमेकांशी ०.१ टक्क्यात जुळणारे चार निघाले. ते लावल्यावर ७८ डीबी. एक बारीक तक्रार मात्र उरली, मधूनच गुणगुण वाढायची, ती शेवटी सर्किटमध्ये सापडलीच नाही, एका इलेक्ट्रोडची जेल वाळली होती. हे सगळं बॅटरीवर आणि लॅपटॉपचा चार्जर काढूनच केलं, अंगाला वायर लावताना त्यात तडजोड नको हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

जाहिरातीत ट्रान्झिस्टर लेव्हलचं कामही आहे, म्हणून तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडक्यात. स्काय१३० या ओपन पीडीकेवर एनजीस्पाइसमध्ये दोन स्टेजचा मिलर कॉम्पेन्सेटेड ऑप-ॲम्प डिझाइन केला, १.८ व्होल्ट सप्लाय, ५ पिकोफॅरॅड लोड, १० मेगाहर्ट्झ युनिटी गेन. मिलर कपॅसिटर २ पिकोफॅरॅड धरला की इनपुट जोडीचा जीएम साधारण १२६ मायक्रोसीमेन्स लागतो, टेल करंट २० मायक्रोॲम्पिअर ठेवला तर स्लू रेट १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. कागदावर फेज मार्जिन ६० आला, सिम्युलेशनमध्ये ५२, कारण पहिल्या स्टेजच्या आउटपुटवरची कपॅसिटन्स मी हिशोबात धरलीच नव्हती. मिलर कपॅसिटरला सिरीजमध्ये १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून उजव्या बाजूचा झिरो काढल्यावर ६१ झाला. टिपिकल कॉर्नरला, हे आधीच सांगून ठेवते. स्लो कॉर्नर आणि १२५ डिग्रीला तो परत ५५ च्या खाली जातो, कारण तो रेझिस्टर आणि दुसऱ्या स्टेजचा जीएम एकत्र बदलत नाहीत. रेझिस्टरच्या जागी ट्रायोडमधला ट्रान्झिस्टर टाकून दोघांना एकत्र चालवता येतं हे वाचलंय, ते करायचं राहिलंय. लेआउट काढलाय, डीआरसी आणि एलव्हीएस क्लीन आहे, पण पॅरासिटिक्स काढून परत सिम्युलेशन केलेलं नाही आणि चिप बनवून हातात घेतलेली नाही. म्हणून रेझ्युमेत "चिप डिझाइन" असं लिहिलेलं नाही.

अजून काही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. कमर्शियल टूल्सवर हात बसलेला नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये दोन-तीनदा उघडलंय इतकंच. स्विचिंग रेग्युलेटरचं मला फार कळत नाही. आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सचे मार्क मार्कशीटवर दिसतीलच, कमी आहेत, तो विषय मला परीक्षेनंतर, फिल्टर बनवताना समजला. वही नीट ठेवायची सवय मात्र पक्की आहे, प्रत्येक मोजमापाखाली तारीख, प्रोब १एक्स होता की १०एक्स आणि सप्लाय किती होता हे लिहिलेलं असतं. ही सवय एका फजितीतून लागली. एक बफर ऑसिलेट होत होता, चार जणांना दाखवला, मी प्रोब काढला की बरा. १एक्सवर ठेवलेल्या प्रोबची शंभर पिकोफॅरॅड कपॅसिटन्सच त्याला नाचवत होती, १०एक्स केल्यावर शांत झाला. नंतर केबल जोडायची होतीच, म्हणून आउटपुटला ४७ ओहम सिरीजमध्ये टाकून टाकले.

बरोबरच्या बऱ्याच जणांनी सॉफ्टवेअर घेतलं आणि मलाही घरी विचारून झालंय की तू का नाही. मला सांगता येईल असं मोठं कारण नाही, पण हिशोबाचा ४० आणि स्कोपवरचा ४० जुळतो तेव्हा जे वाटतं ते मला अजून दुसऱ्या कशात वाटलेलं नाही. तुमच्याकडे सेन्सर फ्रंट-एंडचं काम आहे असं जाहिरातीत लिहिलंय, तिथे सुरुवातीला फक्त बोर्ड मोजायचं आणि डेटा भरायचं काम दिलंत तरी मी आनंदाने करीन, फक्त आकडा असा का आला हे विचारायची मुभा असू द्या.

रेझ्युमे, मार्कशीट आणि दोन्ही बोर्डांची स्किमॅटिक्स सोबत जोडली आहेत, फोन नंबर रेझ्युमेवर आहे. मी लगेच जॉइन होऊ शकते. इंटरव्ह्यूला बोलावलंत तर फिल्टरचे जुना आणि नवा असे दोन्ही बोर्ड घेऊन येते, फक्त ±१२ व्होल्टचा सप्लाय, एक जनरेटर आणि स्कोप तुमच्याकडचा लागेल.

आपली नम्र,
सायली