हळदीच्या आदल्या रात्री

बस इथं जरा. मांडववाले करतील त्यांचं काम.

पोरगी साताऱ्याहून सांगलीत येतीय, घरात तिच्या ओळखीचं कुणी नाही. पहिल्या रात्री दमलेली असेल, बुजलेली असेल. लग्न लागलं म्हणून तिच्या अंगावर तुझा हक्क होत नाही, बाळा. विचारायचं. ‘नको’ म्हणाली तर नको. गप्प राहिली तरी नकोच समज. मित्र काय चिडवायचं ते चिडवू देत, तू तिच्यावर फुगून बसायचं नाही.

ती बोलताना मोबाईल खाली ठेव. लगेच तोडगा सांगू नकोस, आधी पुरतं ऐक.

नाव बदलायचं का, ते तिनंच ठरवायचं. पगारही तिचा. पाहुण्यांदेखत तिला तोडून बोलायचं नाही. आईशी मी बोलून ठेवलंय.